वर्गमूळ असलेल्या असमानता: वर्ग करण्याआधी चिन्ह पाहावे

प्रश्न: √(x+5) > x−1 मध्ये दोन्ही बाजूंचा वर्ग करून मला −1 < x < 4 मिळाले, पण पुस्तकात −5 ≤ x < 4 आहे. माझे काय सुटले?

उत्तर: उजवी बाजू ऋण असते तो भाग सुटला. दोन्ही बाजू ऋण नसतील तरच वर्ग केल्यावर लहान-मोठेपणाचा क्रम टिकतो; 1 > −5 खरे आहे, पण वर्ग केल्यावर 1 > 25 हे खोटे ठरते, आणि x = −4 घेतल्यास आपल्या उदाहरणात नेमके हेच घडते. म्हणून आधी x ≥ −5 हा प्रांत लिहावा आणि मग दोन भाग पाडावेत. −5 ≤ x < 1 असताना डावी बाजू शून्य किंवा धन आणि उजवी ऋण असल्याने असमानता आपोआप खरी ठरते, तिथे वर्ग करण्याचे कारणच नाही. x ≥ 1 असताना मात्र वर्ग करणे योग्य आहे. (x−4)(x+1) < 0 यावरून 1 ≤ x < 4 मिळते. दोन्ही भागांचा संयोग म्हणजे पुस्तकातील उत्तर.

प्रश्न: चिन्ह उलटे करून √(x+5) < x−1 घेतले तर x < −1 किंवा x > 4 येते. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, x > 4 एवढेच खरे आहे. ऋण नसलेली संख्या ज्या संख्येपेक्षा लहान आहे ती धनच असणार, म्हणून x > 1 ही अट वर्ग करण्यापूर्वीच लागू होते आणि x < −1 हा भाग गळतो. हा भाग आला कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे: x = −1 ठेवल्यास वर्गमूळ 2 आणि उजवी बाजू −2 येते, म्हणजे −1 हे मूळ −√(x+5) = x−1 या वेगळ्याच समीकरणाचे आहे. वर्ग करताना ते आपल्या समीकरणात मिसळते, त्यामुळे पहिल्या उदाहरणात उत्तरे गळाली आणि इथे जास्तीची आली.

प्रश्न: वर्ग केल्यावर मूळचिन्ह उरतच नाही, मग प्रांत वेगळा कशाला लिहायचा?

उत्तर: √(x−4) < x घ्या. वर्ग केल्यावर x²−x+4 > 0 येते. विवेचक −15 असल्याने ते प्रत्येक x साठी खरे आहे. उजवी बाजू धन हवी एवढेच पाहिले तर x > 0 हे उत्तर निघेल, पण x = 1 ला डावी बाजू वास्तव संख्याच नाही. खरे उत्तर x ≥ 4 आहे आणि ते केवळ प्रांतातून येते. याउलट √(x+5) > x−1 मध्ये x ≥ 1 या भागात x+5 ही राशी एका वर्गापेक्षा मोठी ठरते, त्यामुळे ती ऋण नसल्याची खात्री त्यातच मिळते.

प्रश्न: (x−3)√(x−2) ≥ 0 मध्ये मूळ धनच असते म्हणून मी त्याने भागले. x ≥ 3 आले, तरी गुण कापले.

उत्तर: मूळ शून्यही असू शकते. x = 2 ला डावी बाजू शून्य होते आणि शून्य इथे चालते; म्हणून उत्तर x = 2 किंवा x ≥ 3.