स्केल जुळते, पण पिन कमी भरते: प्रोजेक्टरमध्ये चूक कुठे शोधायची

प्रश्न: कुडाळ एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. प्रोफाइल प्रोजेक्टर काचेच्या स्केलने तपासला, २० पट बरोबर आला. तरी दीड मिमीची पितळी पिन मायक्रोमीटरपेक्षा ८ मायक्रॉन कमी दाखवतो. लेन्स बिघडली का? आणि बारीक पार्टला लाइट खालून द्यावा की वरून?

उत्तर: लेन्सवर संशय घेण्याआधी एक हिशोब करा. २० पटीला स्टेजवरच्या स्केलचे १० मिमी पडद्यावर २०० मिमी दिसायला हवेत. समजा तिथे २००.०६ आले, तर चूक ०.०३ टक्के. दीड मिमीच्या पिनेवर ती अर्धा मायक्रॉनसुद्धा होत नाही. ८ मायक्रॉन मॅग्निफिकेशनमुळे जायचे असतील तर चूक अर्ध्या टक्क्याहून जास्त हवी, म्हणजे पडद्यावर एक मिलिमीटरचा फरक, आणि तो स्केल लावताना नजरेतून सुटत नाही. शिवाय पिन तुम्ही क्रॉस-हेअर आणि स्टेजच्या काउंटरवर मोजत असाल, तर त्या मापात मॅग्निफिकेशन येतच नाही. ते लागतं पडद्यावर चार्ट किंवा पट्टी लावून मोजताना.

मग स्केल जुळलं आणि पिन का नाही? स्केल तपासताना आपण एका रेषेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या रेषेच्या डाव्या कडेपर्यंत मोजतो. लाइट जास्त असेल तर उजेड सावलीच्या कडेवर चढतो, पण दोन्ही रेषांवर तो एकाच बाजूला तेवढाच चढतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. पिनेचं तसं नाही. तिची एक कड डावी, दुसरी उजवी. दोन्हीकडून उजेड आत शिरतो आणि सावली बारीक होते. भोक मोजलंत तर याच कारणाने ते मोठं दिसेल. काचेचं स्केल ही चूक दाखवूच शकत नाही.

आमच्याकडे रत्नागिरीत अशीच तक्रार आली तेव्हा मी १ मिमी आणि ३ मिमीच्या दोन गेज पिना घेतल्या. वाचन आलं ०.९९२ आणि २.९९१. चूक मॅग्निफिकेशनची असती, तर मोठ्या पिनेवर तिप्पट, म्हणजे २४ मायक्रॉन आली असती. ती दोन्हीकडे जवळपास तेवढीच राहिली, म्हणजे कडेची. तुम्हीही हीच चाचणी आधी करा, अर्ध्या तासात उत्तर मिळेल.

उपाय लाइटमध्ये आहे. दिवा मंद करत जा, पडद्याचा पांढरेपणा डोळ्याला टोचेनासा होईपर्यंत. कंडेन्सरला आयरिस असेल तर थोडा मिटवा. गोल पिनेसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण आयरिस फार उघडा असला की तिरपे किरण पिनेच्या चकचकीत बाजूवरून परावर्तित होऊन लेन्समध्ये येतात आणि कड उजळते. उलट फार मिटवलात तर कडेला बारीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उठतात. तिथून थोडं मागे या. हिरवा फिल्टर असेल तर लावा, कडेची रंगीत झालर जाते. मग गेज पिन पुन्हा मोजा. आमची १ मिमीची पिन ०.९९९ वर आली. ती जागा खुणेने बांधून ठेवली, आणि आता काम सुरू करण्याआधी पार्टच्या मापाजवळची गेज पिन आधी मोजतो.

नुकताच दिवा बदलला असेल तर आणखी एक पाहा. फोकस थोडा वर-खाली करा. कड दोन्हीकडे सारखी धूसर झाली तर ठीक. प्रतिमा बाजूला सरकत असेल तर फिलामेंट मध्यावर नाही. आधी दिवा बसवा.

बाहेरचं माप, व्यास, त्रिज्या यांना नेहमी खालचा कॉन्टूर लाइटच. वरचा सरफेस लाइट आरपार नसलेल्या भागांसाठी: खाच, पायरी, कोरलेली खूण. त्या लाइटमध्ये दिसणारी कड बर आणि चँफरवर अवलंबून असते, म्हणून त्यावर व्यास मोजून माल नाकारू नका. आणि खालच्या लाइटमध्येही बर सावलीचाच भाग होते, तेव्हा पिन आधी साफ करा.

स्केल लावताना दोन काळज्या. स्टेजवरच्या स्केलची रेषांची बाजू लेन्सकडे, आणि हातातल्या पट्टीची रेषांची बाजू पडद्याला चिकटून, नाहीतर डोकं हललं की वाचन हलतं. आडवं आणि उभं दोन्ही तपासा. तापमानाची चिंता इथे नको: १० मिमी काच ५ अंशांनी अर्धा मायक्रॉनही वाढत नाही.

आपल्याकडे खरा त्रास पावसाळ्यातल्या दमटपणाचा. कंडेन्सरवर बुरशीचा पातळ थर बसला की उजेड विखुरतो आणि सावली करडी होते. मग दिवा कितीही मंद केला तरी गेज पिन कमीच भरते. टॉर्च तिरपी मारून काच पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स साफ करून घ्या, आणि मगच पुन्हा पिन मोजा.