सोनोग्राफीची तारीख चुकवू नकोस

अगं, बीज वाढवायची गोळी घेतली म्हणजे बीज सुटलंच असं नसतं. लेट्रोझोल पाच दिवसांत शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करते. मेंदूला वाटतं अंडाशय सुस्तावलंय, म्हणून बीज वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक वाढतं आणि बीजकोष, म्हणजे बीज असलेली अंडाशयातली पिशवी, मोठा होऊ लागतो. दुसरी गोळी क्लोमिफेन; ती इस्ट्रोजेन कमी करत नाही, मेंदूला ते दिसू देत नाही. पण क्लोमिफेन अंगात बरेच दिवस राहतं आणि कधीकधी गर्भाशयाचं अस्तर पातळ करतं. माझं तसंच झालं: कोष १९ मिमी, अस्तर जेमतेम ५.

पुढच्या पाळीला तिसऱ्या दिवसापासून लेट्रोझोल २.५ मिग्रॅ. खानापूरहून सकाळच्या बसने बेळगाव गाठायचे. (ही तपासणी योनीमार्गातून होते, उगाच बाटलीभर पाणी पिऊन जाऊ नकोस!) अकराव्या दिवशी कोष १४, तेराव्याला १८, अस्तर ८. मग बीज सुटावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन. त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटतं. दोन दिवसांनी पाहिलं तर कोष आक्रसलेला, गर्भाशयामागे थोडं पाणी. तेच फुटल्याचं लक्षण.

तीन-चार कोष एकदम वाढले तर डॉक्टर तो महिना सोडायला सांगतील. तिळ्यांचा धोका असतो, हट्ट करू नकोस. आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत.