आधी चेहरे एका मापात, मग स्टाईल

शाळेतल्या दोनशे मुलांची एकाच स्टाईलची पोर्ट्रेट स्टेबल डिफ्यूजन या एआय चित्रसाधनात करायची असतील, तर सगळे फोटो थेट बॅचला लावू नकोस. स्टाईल एकच दिली तरी पोर्ट्रेट वेगवेगळी दिसतात, कारण मूळ फोटोत एकाचा चेहरा फ्रेमभर असतो, तर दुसरा सिंहगडावर लांब उभा असतो.

म्हणून आधी क्रॉप. १०२४ बाय १०२४ च्या चौकटीत प्रत्येकाचे डोळे वरून साधारण ४०० पिक्सेलवर आण आणि दोन डोळ्यांतलं अंतरही सारखं ठेव. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मा सारखेपणा इथेच येतो. फोटो व्हॉट्सॲपवर मागवलेस तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, नाहीतर बारकावे जातात. फाईलला हजेरी क्रमांक दे, `10B_07.png` असं. आउटपुटमध्ये जुळी ओळखता येत नाहीत!

मग आठच फोटो निवड: चष्मा, हिजाब, पगडी, सावळा रंग, अंधुक फोटो, सगळं त्यात यावं. स्टेबल डिफ्यूजनच्या `img2img` मध्ये प्रॉम्प्ट आणि `Seed` सगळ्यांना एकच ठेव, मूळ फोटो किती बदलायचा ते ठरवणारं `Denoising strength` ०.४ पासून सुरू कर. पहिल्या वर्षी मी ०.६५ ठेवलं होतं. चित्रं झकास आली, पण एका मुलीचा चष्मा गायब आणि सावळी पोरं सगळी गोरी! तिची आईच म्हणाली, “ही आमची नाही.” तेव्हा मूळ फोटो शेजारी ठेवून आधी रंग, मग चष्मा आणि तीळ तपास.

आठही जमले की `Batch` टॅब उघड.