ऑटोपे फेल झाल्यावर परत कधी ट्राय करायचं आणि कधी गप्प बसायचं

ऐरोलीत आयटी पार्कवाल्यांना डबे देतो. महिन्याचे २८०० रुपये, १ तारखेला यूपीआय ऑटोपे. तीसेक जणांचं फेल होतं, मग त्याच दिवशी तीनदा परत ट्राय करतो, तरी पैसे येत नाहीत. काय चुकतंय?

सकाळी खातं रिकामं असेल तर दुपारीही रिकामंच असणार, एवढंच चुकतंय. ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेच्या एका डेबिटला पहिला प्रयत्न आणि वर तीनच रिट्राय मिळतात, आणि तुम्ही ते चारही एकाच दिवसात उडवून टाकता. पगार येईपर्यंत हातात काही उरतच नाही.

आधी फेल का झालं ते बघा. रिपोर्टमध्ये कारण येतंच. बँकेचा सर्व्हर बंद होता असं असेल तर त्याच दिवशी परत ट्राय करा, गिऱ्हाईकाला काही कळवूही नका, त्याचा काय दोष. बॅलन्स कमी होता असं असेल तर थांबा. आणि मँडेटच कॅन्सल केलेलं असेल तर रिट्रायने काहीही होणार नाही, सरळ फोन करून विचारा की डबा चालू ठेवायचाय का.

बॅलन्सवाल्यांसाठी मी असं लावेन: १ ला सकाळी ८, मग ३ ला दुपारी २, मग ८ ला सकाळी ८, आणि शेवटचा १० ला रात्री १०. मधे ८ तारीख का, तर बऱ्याच ठिकाणी पगार ७ पर्यंत होतो, आणि तुमच्याकडे कंपनीचे इंजिनियर जेवतात तसे तिथले कंत्राटी सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवालेही जेवतात ना. वेळाही मुद्दाम तशा घेतल्यात, कारण सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९:३० हा गर्दीचा टाइम, त्यात ऑटोपेचं डेबिट चालवत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच चेक करा. मँडेट बनवताना ‘१ तारखेलाच’ असं टाकलं असेल तर ८ ला डेबिट घेता येणार नाही, ‘१ ला किंवा त्यानंतर’ असं हवं. नवीन गिऱ्हाईकांचं तरी तसं करून घ्या, जुन्यांना हळूहळू बदलायला सांगा.

मेसेज किती पाठवायचे? माझी घोडबंदर रोडला योगा बॅच आहे, दोन बायका म्हणाल्या की सावकारासारखे मागे लागता.

ताई, आधी हे लक्षात घ्या की डेबिटच्या किमान २४ तास आधी एक सूचना त्यांना जातेच, आणि फेल झाल्यावर बँक किंवा अ‍ॅपही बहुतेक वेळा कळवतं. तुमचा मेसेज म्हणजे त्यांच्यासाठी तिसरा असतो, म्हणून ते चिडतात.

डबेवाल्यांना सांगितलेल्याच तारखा धरल्या तर माझ्या मते तीन पुरे. पहिला, पहिलं डेबिट बॅलन्समुळे फेल झालं की त्याच दिवशी अकरा-साडेअकराला, आणि त्यात पुढची तारीख लिहायचीच: ‘या महिन्याची फी जमा झाली नाही, ३ तारखेला दुपारी परत ट्राय होईल, आत्ता भरायची असेल तर ही लिंक.’ तारीख दिली की माणूस तेवढे पैसे बाजूला ठेवतो, नाहीतर डोक्यावर टांगती तलवार. दुसरा ७ ला, ८ च्या रिट्रायच्या आदल्या दिवशी. तिसरा शेवटचा रिट्राय फेल झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यात बॅच कधी बंद होणार ते स्पष्ट, पण धमकीचा सूर नको. ग्रुपवर कुणाचं नाव टाकू नका, कधीच, आणि रात्री ९ नंतर काही पाठवू नका.

मेसेज जास्त होतायत हे कळतं कसं? मेसेज गेल्यापासून दोन दिवसांत किती जणींनी पैसे भरले आणि किती जणींनी मँडेट कॅन्सल केलं, हे प्रत्येक मेसेजसमोर वहीत लिहा. ज्या मेसेजनंतर भरणाऱ्यांपेक्षा कॅन्सल करणारे जास्त, तो काढून टाका.

वाशीत लहान मुलांचा कोडिंग क्लास आहे. एका पालकाने लिंकवरून १४९९ भरले आणि दुसऱ्या दिवशी ऑटोपेनेही कापले. आता?

एकाचे पैसे आजच परत करा आणि स्वतः फोन करून सॉरी म्हणा, त्यांनी मागायची वाट बघू नका.

झालं असं की लिंक आणि रिट्राय दोन वेगळ्या सिस्टीमवर चालतायत, एकमेकांना माहीतच नाही. लिंकने पैसे आले की त्या महिन्याचं बिल पेड व्हायला हवं, आणि पेड बिलाचा रिट्राय आणि पुढचे मेसेज दोन्ही तिथल्या तिथे थांबायला हवेत. रिट्राय सुटायच्या अगदी आधी ‘हे बिल अजून बाकी आहे का’ हे परत एकदा तपासायला डेव्हलपरला सांगा, कारण रात्री बनवलेली यादी सकाळपर्यंत शिळी होते.

अजून एक, ‘पेंडिंग’ म्हणजे फेल नाही. पेंडिंगमध्ये बऱ्याचदा पैसे निघालेले असतात आणि उत्तर अडकलेलं असतं, तेव्हा गेटवेकडून पक्कं स्टेटस आल्याशिवाय परत ट्राय केलंत तर हाच घोळ परत होईल.