बीटा ब्लॉकरचा तक्ता कसा भरावा
सोलापुरात दुसऱ्या वर्षाचे औषधशास्त्र सुरू करताना बीटा ब्लॉकरचा तक्ता करायचा झाल्यास पुस्तकातील याद्या उतरवू नका; आधी कार्यपद्धतीचा रकाना भरा आणि उरलेले तिन्ही, म्हणजे उपयोग, दुष्परिणाम आणि ‘कोणाला देऊ नये’, शक्यतो त्यातूनच काढा. प्रोप्रानोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ हे दोन्ही रिसेप्टर अडवते. बीटा-१ अडल्याने हृदयाची गती मंदावते, म्हणून उपयोगांत अंजायना येतो, दुष्परिणामांत ब्रॅडिकार्डिया आणि ‘कोणाला देऊ नये’ या रकान्यात हार्ट ब्लॉक. बीटा-२ अडल्याने श्वासनलिका आकुंचन पावतात, म्हणून ‘कोणाला देऊ नये’ मध्येच दमाही येतो. मेटोप्रोलॉल मुख्यतः बीटा-१ अडवते, पण मात्रा वाढली की ही निवडकता कमी होते, हे त्याच ओळीत लिहा. मायग्रेनच्या प्रतिबंधासारखी, कार्यपद्धतीतून सहज न निघणारी नोंद मात्र वेगळ्या शाईने लिहा, कारण ती पाठच करावी लागते.