बदाम भिजवून खावेत की तसेच? साल काढावी का आणि रोज किती खावेत?

प्रश्न: बदाम रात्रभर भिजवूनच खावेत असे सगळे सांगतात. साल काढणे खरेच गरजेचे आहे का? मोठ्या माणसाने रोज किती बदाम खावेत?

उत्तर: मी बरीच वर्षे रात्री बदाम भिजत घालून सकाळी सोलून खात असे, आता मात्र बहुतेक वेळा कोरडेच आणि सालीसकट खातो. भिजवल्याने बदामाचा पोत बदलतो, पोषण फारसे बदलत नाही. भिजवल्यामुळे खनिजांना बांधून ठेवणारे फायटिक आम्ल निघून जाते आणि खनिजे अंगी लागतात, असे सांगितले जाते. पण न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात हे तपासले तेव्हा अख्ख्या बदामातील फायटिक आम्ल भिजवल्याने म्हणण्यासारखे कमी झाले नाही.

साल मुख्यतः तंतू आणि पॉलिफेनॉलयुक्त असते. भिजवलेल्या पाण्याला येणारा तपकिरी रंग आणि सालीची किंचित तुरट चव ही त्यातील टॅनिनमुळे. दहा बदामांची साल वाळवून तोलली तर एक ग्रॅमच्या आतच भरेल, त्यामुळे ती काढल्याने मोठे नुकसान नाही, आणि प्रथिने, स्निग्धांश व ई जीवनसत्त्व गरातच राहतात. ज्यांचे दात कमकुवत आहेत किंवा ज्यांना सालीचा तुरटपणा सोसत नाही, त्यांनी खुशाल सोलावी. घाई असेल तर बदाम मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवावेत. मग टोकाशी चिमटीत दाबले की गर सुळकन निसटतो (आणि कधीकधी थेट जमिनीवर उडी मारतो).

खरा फरक पडतो तो चावण्याने. बदामातील स्निग्धांश पेशींच्या भिंतींमध्ये कोंडलेला असतो. भिंती फुटल्या नाहीत तर त्यातला काही भाग न पचताच बाहेर पडतो. म्हणूनच 28 ग्रॅम अख्ख्या बदामांचे उष्मांक तक्त्यात सुमारे 164 असले, तरी अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी माणसांवर मोजले तेव्हा शरीराला प्रत्यक्षात सुमारे 129 च मिळाले.

आता संख्या. 28 ग्रॅम म्हणजे साधारण 23 बदाम, आणि निरोगी प्रौढाने एवढ्यावर थांबावे असे मला वाटते. इतर तेलबिया, शेंगदाणे किंवा तूप-तेल रोजच्या जेवणात भरपूर असेल तर 10 ते 12 पुरे; त्यांत तक्त्यानुसार 70 ते 85 उष्मांक, जेमतेम अडीच-तीन ग्रॅम प्रथिने आणि दिवसाच्या ई जीवनसत्त्वाचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो. प्रथिनांसाठी म्हणून बदामांवर विसंबून राहणे मात्र चुकीचे. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे झाले आहेत, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण बदामात ऑक्झलेट बरेच असते.

भिजवायचेच असतील तर आठ-दहा तास पुरतात. पाणी फेकून द्यावे, उरलेले बदाम फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत, आणि बुळबुळीत लागले किंवा आंबट वास आला तर टाकून द्यावेत. एखादा बदाम कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा.