मित्राला त्याच्या पिण्याबद्दल एकदाच, पण नीट कसं सांगावं?

प्रश्न: माझा जुना मित्र हल्ली फार पितो. मी बोललो तर मैत्री तुटेल असं वाटतं, गप्प बसलो तर स्वतःचाच राग येतो. रोज मागे लागायचं नाहीये, एकदाच सांगायचंय, पण त्याला अपमान वाटू न देता. कसं सांगू?

उत्तर:

माझ्या मित्राला मी हे नीट सांगितलं तेव्हा मला वाटत होतं, आपण पहिल्यांदाच बोलतोय. त्याच्या हिशोबात ती सातवी-आठवी वेळ होती. चारचौघांत मारलेला "काय, आज टाकी आधीच फुल का?" हा टोमणा त्यानं धरला होता. यकृताबद्दलचा लेख मी काही न लिहिता त्याला पाठवला होता, तोही धरला होता. त्याचा ग्लास भरताना माझी नजर कुठे जाते, तेसुद्धा. तुम्ही "एकदाच" म्हणताय, तर आधी हे सुटं-सुटं बोलणं पूर्णपणे थांबवा. टोमण्यातून काळजी पोहोचत नाही, फक्त आपल्यावर पाळत आहे एवढंच समोरच्याला कळतं, आणि मग तो आपल्यासमोर कमी आणि यायच्या आधी जास्त पिऊ लागतो. माझ्या मित्राचं तेच झालं होतं.

बोलायच्या आधी मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. मला नेमकं काय दिसलंय ते कागदावर लिहिलं. पहिल्या खेपेला जे उतरलं त्यातलं निम्मं खोडावं लागलं. "रोज पितो" हे मी पाहिलेलं नव्हतं, त्याच्या बायकोकडून ऐकलेलं होतं. "व्यसनी झालाय" हा माझा निकाल होता. "किती पेग घेतो" हा आकडा मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं, आणि आकड्यावरून वाद घालण्यात पिणारा माणूस आपल्यापेक्षा कायम हुशार असतो. उरल्या दोन गोष्टी. महिन्याभरात दोनदा तो रात्री उशिरा फोन करून बराच वेळ बोलला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. आणि एका दुपारी माझ्या घरी लहान मुलांच्या कार्यक्रमाला तो पिऊन आला होता. दोनच, पण दोन्ही माझ्या डोळ्यांसमोरच्या आणि अलीकडच्या. एवढं पुरतं. यादी मोठी केली की तिचं आरोपपत्र होतं.

घरच्यांनी सांगितलेलं मुळीच बोलून दाखवू नका, ते खरं असलं तरी. त्यानं "तुला कोण म्हणालं?" विचारलं की विषय तिथेच बदलतो, आणि त्याची किंमत घरी दुसरंच कुणीतरी मोजतं.

फोनवरचं न आठवणं जरा समजून घेण्यासारखं आहे. रक्तात दारूचं प्रमाण भराभर वाढलं की मेंदूचा नवी आठवण साठवणारा भाग काही वेळ काम थांबवतो. माणूस त्या वेळी चालतो, बोलतो, हसतो, बाहेरून कधीकधी फारसा झिंगलेलाही दिसत नाही, पण आत काही नोंदलंच जात नाही. म्हणजे तो विसरलेला नसतो, ती आठवण तयारच झालेली नसते. त्यामुळे "तू त्या रात्री असं बोललास" म्हटलं की आपण तिखटमीठ लावतोय असं त्याला मनापासून वाटतं. तो खोटं बोलतोय असं धरून चाललात, तर भांडण ठरलेलं. आणि याच कारणामुळे तो प्यायलेला असताना हा विषय काढण्यात अर्थ नाही. रात्री गळ्यात पडून रडेल, शपथा घेईल, सकाळी कोरी पाटी.

सकाळीही लगेच नको. डोकं दुखत असतं, आदल्या रात्रीची लाज ताजी असते, आणि लाजेपोटी माणूस कशालाही हो म्हणतो. मी मधला एक दिवस निवडला, दुपारचा, जेव्हा तो शुद्धीत असणार हे नक्की होतं. आम्ही चालत होतो. शेजारी-शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, त्यामुळे दोघांनाही सोपं जातं. गाडीत बोलावं असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण चालत्या गाडीतून उतरता येत नाही, आणि अशा वेळी निघून जायची मोकळीक हवीच. तिसरा माणूस बरोबर नको, मग तो कितीही जवळचा असो. दोघांनी मिळून एकाला सांगितलं की ती पंचायत होते.

मी म्हणालो ते जवळजवळ असं होतं: "एक सांगायचंय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, फक्त ऐक. या महिन्यात दोनदा तू रात्री फोन केलास, आणि दुसऱ्या दिवशी तुला त्यातलं काही आठवत नव्हतं. तेव्हापासून मला तुझ्या पिण्याची काळजी वाटतेय. तू काय करावंस हे मी सांगत नाहीये. कधी बोलावंसं वाटलं, किंवा डॉक्टरकडे जावंसं वाटलं, तर मी बरोबर येईन."

मिनिटसुद्धा लागलं नाही. दुपारच्या कार्यक्रमाची गोष्ट मी ऐनवेळी गाळली. ती त्याच्या वर्मी लागली असती, आणि मला तिथे नेम धरायचा नव्हता.

तो आधी गप्प, मग म्हणाला, "तूही होतास की बसायला. तूही घेतोस." इथे माझी जीभ वळवळली होती, "पण मी माझ्या मर्यादेत..." हे वाक्य गिळा. मी म्हणालो, "हो, घेतो." बस. मग तो म्हणाला, "कामाला एक दिवस खाडा नाही माझा." तेही खरंच होतं, म्हणून मी म्हणालो, "नाहीये, खरंय." खंडन करायचं नाही. ज्याला आपलं पिणं कुठेतरी खुपत असतं, त्याच्या आत दोन्ही बाजू आधीपासून भांडत असतात. आपण "सोड" ही बाजू घेतली की त्याच्याकडे "का सोडू" हीच बाजू उरते, आणि माणूस जे स्वतःच्या तोंडानं ठासून मांडतो ते त्याला आणखी पटत जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक अभ्यास आहे. त्यात समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला होता, तितकी समोरच्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त आढळली. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची ही गत, तर आपण मित्र कोण लागून गेलो.

शेवटी चिडून तो म्हणाला, "बरं, उद्यापासून बंद. झालं समाधान?" मला आत आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण हाच सगळ्यांत जपून उत्तर देण्याचा क्षण असतो, आणि तो मला योगायोगानंच सांभाळता आला, कारण याबद्दल थोडं आधी वाचलेलं होतं. रोज आणि भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात थांबवलं तर शेवटच्या पेगानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ सुरू होऊ शकते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. थोड्या जणांना साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज पिणाऱ्या मित्राला "उद्यापासून एक थेंब नाही" अशी शपथ घालणं हे प्रेमाचं वाटलं तरी धोक्याचं आहे. मी एवढंच विचारलं, "सकाळी हात थरथरतात का कधी?" तो म्हणाला, "कधीकधी." मग मी म्हणालो, "तर एकदम बंद करू नकोस. आधी डॉक्टरला विचार." सोडायला सांगायला आलेला माणूस थांब म्हणतोय, हे त्याला अपेक्षित नव्हतं. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. त्यानंतर मी विषय बदलला आणि आम्ही तसेच पुढे चालत राहिलो.

बोलून झाल्यावरचे दिवस जास्त अवघड गेले. तीन आठवडे फोन नाही. "राग आला का?" असा मेसेज मी चार वेळा लिहून पुसला. तो पाठवला असता तर त्यालाच माझी समजूत काढावी लागली असती. चौथ्या आठवड्यात मी एका साध्या कामासाठी फोन केला, त्यानं उचलला, त्या विषयावर दोघंही बोललो नाही. "एकदाच"चा अर्थ मी असा लावला की पुन्हा बोलायचं नाही, पण बोललेलं मागेही घ्यायचं नाही. त्याच्याबरोबर प्यायला बसणं मी बंद केलं, पण भेटणं नाही. उसने पैसे द्यायला नकार दिला, कारण न सांगता. आणि "कुणी विचारलं तर तो काल माझ्याकडे होता म्हण" असं त्यानं सांगितल्यावर "मला हे जमणार नाही" म्हणालो. यातलं काहीही त्याला शिक्षा म्हणून नव्हतं, आणि तो तसं समजला नाही याची मला आजही खात्री नाही.

"एकदाच"ला अपवाद आहेत. तो पिऊन गाडीच्या किल्ल्या हातात घेत असेल, जीव देण्याची भाषा करत असेल, किंवा घरात कुणाला मारहाण होत असेल, तर तिथे मैत्रीचं हे नाजूक गणित लावायचं नाही. किल्ल्या काढून घ्यायच्या, मदत बोलवायची, तो रागावला तर रागावू दे.

पाच महिन्यांनी, भलतंच काही बोलत असताना, तो मध्येच म्हणाला, "ते फोनचं तू म्हणाला होतास ना... मी आणखी कुणाला करतो का असे फोन?" मी म्हणालो, "मला नाही माहीत." बराच वेळ गेला. मग म्हणाला, "डॉक्टरकडे येशील म्हणाला होतास."

गेलो. डॉक्टरांनी काही दिवस थरथर आणि झटके आटोक्यात ठेवणारी औषधं देखरेखीखाली दिली, मग पुढचं सुरू झालं. त्यानंतर तो दोनदा घसरला. पहिल्यांदा मला दुसऱ्यांकडून कळलं, मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं स्वतः फोन केला, सकाळी नऊला, आणि काय झालं ते सगळं त्याला आठवत होतं.